मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपात ट्रेन पकडायची असेल तर आदल्या रात्री काय काय करायचं

ज्या देशात घड्याळ वर्षभर एकसारखं चालतं तिथून युरोपात आलेल्या माणसाला सरकार एका रात्रीत सगळ्या देशाचं घड्याळ तासभर पुढे ढकलतं हे वाचून माहीत असतं, पण ऐनवेळी आठवत नाही. हा लेख अशाच लोकांसाठी आहे, म्हणजे पहिल्यांदाच युरोपात ट्रेनने फिरणाऱ्यांसाठी. आधी एक गोष्ट सांगतो. प्रवासी काल्पनिक आहे, गाड्यांच्या वेळाही समजण्यापुरत्या धरल्यात, पण त्याच्या बाबतीत जे जे झालं ते तसंच्या तसं कुणाचंही होऊ शकतं. नंतर त्याच गोष्टीतून एकेक पायरी काढू.

तर शनिवार, २८ मार्च २०२६. आपला प्रवासी काही दिवसांपूर्वी इस्तंबूलहून जर्मनीत आलाय. शनिवारी संध्याकाळी बर्लिनहून निघाला, रात्री उशिरा फ्रँकफर्टला उतरला आणि स्टेशनजवळच्याच हॉटेलात झोपला. पुढची गाडी रविवारी सकाळी ७:५० ची, फ्रँकफर्ट ते बाझेल, आणि बाझेलहून पुढे झुरिक. फोनवर ६:४५ चा अलार्म लावला. फोन एअरप्लेन मोडवर, कारण रोमिंग महाग. तिकिटाची पीडीएफ फोनमध्ये सेव्ह केलेली.

आता खरी गडबड कुठे होती ते बघा. या माणसाच्या फोनमध्ये ऑटोमॅटिक टाइम कधीपासून बंद होतं, का ते त्यालाही आठवत नसेल. जर्मनीत उतरल्यावर त्याने टाइम झोन बदललाच नाही, नुसते काटे दोन तास मागे घेतले. घड्याळात वेळ बरोबर दिसायला लागली, मग कोण कशाला सेटिंगमध्ये परत जातंय. पण फोन मनातून अजून इस्तंबूललाच बसलेला. आणि तुर्कस्तानने २०१६ पासून घड्याळ बदलणं बंद केलंय. म्हणजे रात्री दोन वाजता सगळ्या जर्मनीची घड्याळं तीनवर गेली आणि याचा फोन शांतपणे दोनवरच राहिला.

सकाळी अलार्म ६:४५ ला वाजला, बाहेर ७:४५ झाले होते. हा दात घासत असताना त्याची गाडी सुटली. खाली लॉबीत भिंतीवरच्या घड्याळात सव्वाआठ दिसले, त्याने फोन बघितला, सव्वासात, आणि मनात म्हणाला हॉटेलचं घड्याळ पुढे आहे वाटतं. (माणूस भिंतीवरच्या घड्याळावर पटकन संशय घेतो, स्वतःच्या फोनवर कधीच नाही.)

स्टेशनवर फोनप्रमाणे ७:२५. बोर्डावर ७:५० ची बाझेल गाडीच नाही. रद्द झाली की काय म्हणून चौकशीच्या खिडकीवर गेला, तिथल्या बाईंनी तिकीट बघून सांगितलं ती गेली, पुढची ८:५० ला आहे, पण हे तिकीट त्या गाडीला चालणार नाही, नवीन काढा. ‘गेली’ म्हणजे कशी गेली हे त्याला कळलंच नाही, वाटलं वेळ बदलली असेल. स्टेशनच्या वायफायवर त्याने घाईघाईत ८:५० चं सगळ्यात स्वस्त तिकीट काढलं, फोनवर बघितलं तर साडेसातच वाजलेले, म्हणजे अजून सव्वा तास आहे म्हणून कॉफी प्यायला बसला. फोनच्या ७:५५ ला सहज फलाटावर आला. फलाट रिकामा. वर बघितलं तर स्टेशनच्या घड्याळात ८:५५. आता डोक्यात प्रकाश पडला, पण तोपर्यंत दोन तिकिटं वाया गेलेली.

एक गाडी चुकली ती घड्याळामुळे. दुसरी चुकली ती पहिली चुकल्यावर घड्याळ न तपासल्यामुळे, आणि माझ्या मते यातली दुसरी चूक जास्त महाग आहे.

पायरी १: तारीख आधीच बघून ठेवा

युरोपियन युनियनमध्ये नियम एकच आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे. दोन्ही महिने ३१ दिवसांचे असल्यामुळे तो रविवार नेहमी २५ ते ३१ या तारखांमध्येच पडतो. २०२६ मध्ये २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर, २०२७ मध्ये २८ मार्च आणि ३१ ऑक्टोबर. स्वित्झर्लंड, नॉर्वे आणि ब्रिटन युनियनमध्ये नसले तरी याच दिवशी बदलतात.

बदल सगळीकडे एकाच क्षणी होतो, ग्रीनिचच्या १ वाजता. म्हणून जर्मनी, फ्रान्स, इटलीत २ चे ३ होतात, लंडनमध्ये १ चे २ आणि ग्रीस-बल्गेरियात ३ चे ४. याचा फायदा असा की लंडन आणि पॅरिसमधला एक तासाचा फरक त्या रात्रीसुद्धा तसाच राहतो, त्यामुळे या देशांमधली सीमा ओलांडताना वेगळं काही गणित करायला लागत नाही. गोंधळ होतो तो न बदलणाऱ्या देशाशी. सोफिया आणि इस्तंबूलमध्ये हिवाळ्यात एक तासाचा फरक असतो आणि उन्हाळ्यात शून्य, त्या दोघांमध्ये रात्रीची गाडी पकडणाऱ्याने कुठल्या शहराची वेळ तिकिटावर आहे ते नीट बघायचं. (गाडी सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावाची आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावाची, असंच धरायचं.)

मध्ये ऐकलं असेल की हे सगळं बंद होणार आहे. २०१९ मध्ये युरोपियन संसदेने तसं मत दिलं होतं, २०२१ पासून बंद करायचं म्हणून, पण सदस्य देशांचं एकमत झालं नाही आणि घड्याळं अजून बदलतातच. तेव्हा ‘ते तर बंद झालं ना’ यावर विसंबून राहू नका.

पायरी २: फोन खरंच तिथला आहे का ते तपासा

फोन आपोआप बदलतो हे खरंय, पण दोनपैकी एक अट पुरी झाली तरच. एक तर ऑटोमॅटिक वेळ चालू पाहिजे, नाहीतर निदान टाइम झोनमध्ये शहराचं नाव बरोबर पाहिजे. टाइम झोन बर्लिन असेल तर इंटरनेट नसतानाही, एअरप्लेन मोडवरसुद्धा, फोन रात्री दोनचे तीन करतो, कारण कुठल्या तारखेला उडी मारायची ते त्याच्यात आधीच भरलेलं असतं. नुसती वेळ बरोबर दिसणं याचा काही उपयोग नाही, आपल्या प्रवाशाला शनिवारी रात्रीपर्यंत बरोबरच वेळ दिसत होती.

तपासायची एक सोपी युक्ती आहे. घड्याळाच्या ॲपमध्ये जगातल्या शहरांच्या वेळा दाखवणारा भाग असतो, तिथे तुम्ही आत्ता ज्या देशात आहात त्याचं शहर टाका, समजा बर्लिन. फोनची मुख्य वेळ आणि बर्लिनची वेळ एकच दिसली तर फोन ठीक आहे. आपल्या प्रवाशाने शनिवारी रात्री दहाला हे केलं असतं तर मुख्य घड्याळात १० आणि बर्लिनसमोर ८ दिसले असते. कारण फोनला वाटतंय की इस्तंबूलमध्ये १० वाजलेत, मग त्याच्या हिशोबाने बर्लिनमध्ये दोन तास कमी. असा फरक दिसला की समजायचं, काटे हाताने फिरवलेले आहेत आणि हा फोन रात्री काही उडी मारणार नाही.

उपाय म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन ऑटोमॅटिक वेळ आणि ऑटोमॅटिक टाइम झोन दोन्ही चालू करायचं, एअरप्लेन मोड पाच मिनिटं काढायचा, आणि तरी शहर चुकीचं दिसलं तर झोन हाताने निवडायचा. वेळ हाताने बदलायची नाही. हे परत सांगतो कारण शनिवारी रात्री बरेच लोक काळजीपोटी हेच करतात, झोपायच्या आधी स्वतःच फोन एक तास पुढे करून ठेवतात. झोन बर्लिन असेल तर फोन रात्री स्वतःहून परत एक तास पुढे जातो, आणि तुम्ही तासभर आधी उठून अंधारात बसता. गाडी चुकत नाही एवढंच नशीब.

पायरी ३: बाकीची घड्याळं आणि झोपेचं गणित

मनगटी घड्याळ, प्रवासाचं छोटं गजराचं घड्याळ, हॉटेलच्या उशाशी असलेलं घड्याळ, यातलं काहीही आपोआप बदलेल असं धरू नका. काट्याचं घड्याळ झोपायच्या आधीच पुढे करा आणि केलंय हे लक्षात राहावं म्हणून कागदावर लिहून उशाशी ठेवा, नाहीतर सकाळी अर्धवट झोपेत परत एकदा पुढे कराल.

जर्मनीत रेडिओवर चालणारी घड्याळं बरीच दिसतात. त्यांना फ्रँकफर्टजवळच्या माइनफ्लिंगेन इथल्या डीसीएफ७७ या ट्रान्समीटरवरून वेळ मिळते आणि बदल होणार आहे याची सूचना तासभर आधीपासून त्याच सिग्नलमध्ये येत असते. फक्त जाड काँक्रीटच्या खोलीत सिग्नल नीट पोचला नाही तर ते घड्याळ जुन्याच वेळेवर राहू शकतं, म्हणून गजरासाठी त्याच्यावर एकट्यावर भिस्त नको.

झोपेचं गणित असं: साडेअकराला झोपून साडेसहाला उठायचं असेल तर एरवी सात तास, त्या रात्री सहाच. फोनवर अजिबात विश्वास नसेल तर अलार्मऐवजी टायमर लावा, टायमर वेळ बघत नाही, तास मोजतो, त्याला घड्याळ बदलल्याचं काही सोयरसुतक नसतं. फक्त सहा तासांचा लावा, सातचा नाही. आणि २ ते ३ मधला अलार्म लावू नका, त्या रात्री अडीच वाजतच नाहीत, मग कुठला फोन तो अलार्म कधी वाजवेल हे त्या फोनवर अवलंबून.

पायरी ४: सकाळी निघताना एक नजर

खोलीतून बाहेर पडल्यावर पहिलं सार्वजनिक घड्याळ दिसेल ते बघा आणि फोनशी जुळवा. बरोबर एक तासाचा फरक दिसला तर तो योगायोग नसतो. बिघडलेलं घड्याळ सतरा मिनिटं पुढे असेल, बंद पडलेलं असेल, पण मार्चच्या शेवटच्या रविवारी नेमका एक तास पुढे असलेलं घड्याळ हेच बरोबर असतं. रिसेप्शनवर विचारायला लाजू नका, त्या सकाळी तो प्रश्न ते दहा जणांकडून ऐकत असतील.

स्टेशनवर शेवटचा शब्द स्टेशनच्या घड्याळाचा. तुमची गाडी बोर्डावर दिसत नसेल तर ती रद्द झाली असं आधी समजू नका. रद्द झालेली गाडी बोर्डावरून लगेच गायब होत नाही, रद्द म्हणून दिसत राहते. जी अजिबातच दिसत नाही ती बहुतेक सुटून गेलेली असते.

पायरी ५: चुकलीच तर

आधी फोनची वेळ नीट करा, मगच पुढचं काहीही. तिकीट काढण्याच्याही आधी.

मग तिकिटाचा प्रकार बघा, सगळं त्याच्यावर ठरतं. जर्मनीतली स्वस्त तिकिटं, म्हणजे श्पारप्राइस, ही लांब पल्ल्याच्या एका ठराविक गाडीला बांधलेली असतात, याला तिथे त्सुगबिंडुंग म्हणतात. आधीची गाडी उशिरा आल्यामुळे तुमची पुढची चुकली आणि ठरलेल्या ठिकाणी पोचायला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असेल तर हे बंधन सुटतं आणि तुम्ही पुढच्या गाडीत बसू शकता. पण तुम्ही स्वतः स्टेशनवर उशिरा आलात तर काहीच सुटत नाही, तिकीट गेलं, सीट रिझर्व्ह केली असेल तर तेही पैसे गेले. घड्याळ बदलल्याचं विसरलो हे कारण रेल्वेच्या दृष्टीने तुमचं, त्यांचं नाही. फ्लेक्सप्राइस हे महाग तिकीट असेल तर गाडीचं बंधनच नसतं, सरळ पुढच्या गाडीत बसा.

आपल्या प्रवाशाचं पहिलं तिकीट श्पारप्राइस होतं, त्यामुळे नवीन काढणं भागच होतं. पण घाबरलेल्या अवस्थेत त्याने दुसरंही तसंच बांधलेलं काढलं. डोकं ठिकाणावर नसताना, वेळेचा नक्की अंदाज नसताना, बांधलेलं तिकीट काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एक तर गाडीचं बंधन नसलेलं काढा, नाहीतर आधी फलाटावर जाऊन उभे राहा, घड्याळ बघा, आणि मग स्वस्त तिकीट शिल्लक आहे का ते ॲपमध्ये बघा, कधी कधी त्याच दिवशीचंही मिळतं. गाडीत चढून तिकीट काढू या भरवशावर जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाडीत मात्र शिरू नका, तिकीट तपासनीस तिथे तिकीट विकत नाहीत.

तिसरं तिकीट त्याने फ्लेक्सप्राइस काढलं आणि ९:५० ने गेला. बाझेलला पोचायला साधारण तीन तास लागतात. पुढच्या बाझेल-झुरिकचं काय, तर तिथे तो वाचला, कारण त्याच्याकडे स्वित्झर्लंडचं साधं तिकीट होतं आणि ते त्या मार्गावर त्या दिवशी कुठल्याही गाडीला चालतं. तेच जर सवलतीचं श्पारबिलेट असतं तर तेही गाडीला बांधलेलं, म्हणजे तेही गेलं असतं. म्हणून एक गाडी चुकली की बसल्या जागी पुढची सगळी तिकिटं काढून बघा, कुठली जगली आणि कुठली मेली, आणि पुढे हॉटेल किंवा कुणी घ्यायला येणार असेल तर आत्ताच कळवा.

पायरी ६: रात्र गाडीतच काढणार असाल तर

ही गोष्ट वेगळी आहे आणि इथे चूक तुमची नसते. मार्चच्या त्या रात्री तुम्ही रात्रीच्या गाडीत झोपलेले आहात, गाडी चालू आहे आणि दोनचे तीन झाले. गाडीने तेवढंच अंतर कापलंय पण घड्याळ तासभर पुढे गेलं, म्हणजे गाडी एका क्षणात एक तास लेट झाली. मधे वाढीव थांबे असतील तर थोडं भरून निघतं, नाहीतर सकाळी गाडी नव्या वेळेने तासभर उशिरा पोचते. त्यामुळे त्या रात्रीच्या गाडीनंतर चाळीस मिनिटांत पुढची गाडी आहे असं नियोजन करूच नका, दोन तास तरी मधे ठेवा, आणि बुकिंग करताना त्या तारखेसाठी पोचण्याची वेगळी वेळ दाखवतात का ते बघा.

शक्यतो पूर्ण प्रवासाचं एकच तिकीट घ्या. युरोपियन युनियनचा प्रवासी हक्कांचा नवा नियम जून २०२३ पासून लागू आहे, त्याप्रमाणे एकाच तिकिटावर गाडी उशिरा आल्यामुळे पुढची चुकली आणि शेवटच्या ठिकाणी तासभर किंवा जास्त उशीर होणार असेल तर दुसऱ्या गाडीने पोचवणं किंवा पैसे परत करणं ही रेल्वेची जबाबदारी. १०० मिनिटांत त्यांनी पर्याय सांगितला नाही तर तुम्ही स्वतः दुसरी ट्रेन किंवा बस पकडून त्याचा खर्च मागू शकता. रात्रीच्या गाडीचं वेगळं आणि पुढच्या गाडीचं वेगळं तिकीट असेल तर पुढची चुकल्यावर हा आधार सहसा मिळत नाही, हा फरक बुकिंग करताना दहा-वीस युरो वाचवायच्या नादात लोक विसरतात.

आणि ऑक्टोबर

ऑक्टोबरमध्ये घड्याळ मागे जातं, त्यामुळे विसरलात तरी गाडी चुकत नाही, तासभर आधी येऊन थंडीत बसता. रात्रीच्या गाडीचंही सोपं, जर्मनीत ती एखाद्या सोयीच्या स्टेशनवर तासभर उभी राहते आणि मग वेळेवर पोचते. मध्यरात्री जाग आली आणि गाडी उगाच थांबलेली दिसली तर घाबरून उतरू नका. त्रास फक्त २ ते ३ मधल्या गाडीचा, कारण तो तास दोनदा येतो. जर्मनीत पहिल्याला २ए आणि दुसऱ्याला २बी म्हणतात, पण हे प्रत्येक तिकिटावर लिहिलेलं असेलच असं नाही. २:३० ची गाडी पकडायची असेल तर पहिल्या अडीचलाच फलाटावर हजर राहा, ती गाडी दुसऱ्या अडीचची निघाली तर तासभर बसावं लागेल, उलटं झालं तर गाडी गेलेली असेल.